सरकणारी सीट: सिडकोतल्या बाथरूमच्या नोंदी

रविवार, ८ जून २०२५

सकाळी अण्णांनी आतूनच हाक मारली. अण्णा म्हणजे माझे सासरे, वय ७६, डावा गुडघा गेल्या वर्षापासून कुरकुरतो. "सूनबाई, ही सीट परत सरकायला लागली बघ. बसताना पोटात गोळा येतो." मार्चपासूनची ही तिसरी वेळ. दर वेळी मी कमोडच्या मागे हात घालते, खालचे दोन नट चाचपून आवळते आणि हात धुऊन विषय मिटवते. तीन आठवडे बरं चालतं, मग सीट पुन्हा डावीकडे.

आजही आवळले. पण कंपनीत एखादा पार्ट तीनदा त्याच दोषाने परत आला असता तर मी एव्हाना कारण शोधायला बसले असते. अंबडच्या एका वर्कशॉपमध्ये तपासणी हे माझं रोजचं काम, आणि घरी मात्र मी नुसती आवळत सुटले आहे. म्हणून या वेळी वही काढली.

मंगळवार, १० जून

वटपौर्णिमा. हाफ डे मिळाला. वडाला जाऊन आले, मग बाथरूम.

सीट सरकते म्हणजे नेमकं काय सरकतं, हे आधी ठरवायचं होतं. दोन शक्यता आहेत. एक म्हणजे बिजागरीचा पाया, म्हणजे चिनीमातीवर टेकलेली ती गोल प्लास्टिकची बैठक, बोल्टसकट जागेवरून हलतो. दुसरी म्हणजे पाया घट्ट असतो, पण बिजागरीची पिन तिच्या भोकात झिजलेली असते आणि सीट पिनेवर डावीउजवीकडे खेळते. हाताने हलवलं तर दोन्ही सारखंच वाटतं. इलाज मात्र वेगळे. पहिल्यात बोल्ट आवळून काहीतरी फरक पडतो. दुसऱ्यात कितीही आवळा, काही होणार नाही.

म्हणून पायाच्या आजूबाजूची चिनीमाती कोरड्या फडक्याने पुसली आणि परमनंट मार्करने दोन्ही पायांच्या कडेने बारीक रेघ ओढली. (हा मार्कर नंतर सॅनिटायझरने निघतो. पेन्सिल गुळगुळीत चिनीमातीवर नीट उमटतच नाही.) सीटच्या पुढच्या टोकासमोर कमोडच्या कडेवर मास्किंग टेपचा तुकडा लावून त्यावरही एक खूण केली. घरात सगळ्यांना सांगितलं, या खुणा पुसायच्या नाहीत. ह्यांनी विचारलं, "हे काय, पोलिसांनी आखतात तसं?" बरोबर तसंच.

शनिवार, १४ जून

चार दिवसांत खुणांनी सांगायचं ते सांगितलं. बसून समोर पाहताना जो उजवा, तो पाया रेघेच्या २ मिलिमीटर पुढे आलाय. डावा तेवढाच मागे गेलाय. सीटचं पुढचं टोक डावीकडे गेलंय, जवळपास १ सेंटीमीटर. दोन्ही पाया हाताने धरून सीट हलवून पाहिली, पिनेवर खेळ जवळजवळ नाही. म्हणजे पहिला प्रकार.

मागे २ मिलिमीटर आणि पुढे एक सेंटीमीटर, हे विचित्र वाटतं, पण हिशेब सरळ आहे. दोन बोल्टमध्ये १५५ मिलिमीटर अंतर आहे, आणि बोल्टपासून सीटच्या पुढच्या टोकापर्यंत सुमारे ४२० मिलिमीटर. एक पाया दोन पुढे, दुसरा दोन मागे, म्हणजे १५५ मध्ये ४ चा तिरकेपणा. तोच तिरकेपणा ४२० पर्यंत लांबवला की सुमारे ११ येतात. सीट म्हणजे लांब काटा असलेलं घड्याळच. मागच्या बाजूची किरकोळ ढिलाई पुढे कितीतरी पट होऊन दिसते, आणि अण्णांच्या मांडीखाली जाणवते ती पुढचीच.

पुढचं टोक नेमकं डावीकडेच का जातं, तेही आज कळलं. अण्णा उठताना डाव्या हाताने वॉश बेसिनच्या कडेला धरतात आणि अंग डावीकडे टाकून उठतात. दुखरा गुडघा डावा, म्हणून आधार त्याच बाजूचा. दिवसातून सहासात वेळा सीटला एकाच दिशेने ढकललं जातं.

रविवार, १५ जून

सीट पूर्ण काढली. आज बराच वेळ गेला, म्हणून सविस्तर लिहिते.

मागे दोन चौकोनी झाकणं असतात. त्यांच्या फटीत चपटा स्क्रू ड्रायव्हर घालून उचकटली की बोल्टचं डोकं दिसतं. खाली पंखाचा नट, प्लास्टिकचा. उजवा हाताने सुटला. डाव्या बाजूला नट फिरवला की बोल्टच वरून गरगर फिरायचा. मग ह्यांना वरून स्क्रू ड्रायव्हरने बोल्टचं डोकं धरायला सांगितलं आणि मी खालून फिरवला. एकट्याने हे होत नाही, निदान माझ्या उंचीच्या माणसाने कमोडला मिठी मारून होत नाही. नट लोखंडी आणि गंजलेला असेल तर जोर न करता त्यावर गंज सैल करणारं तेल मारून अर्धा तास थांबायचं, आणि तरीही हलला नाही तर हॅक्सॉ ब्लेड कापडात गुंडाळून बोल्टच कापायचा. हातोडी अजिबात नाही, कारण चिनीमाती तडकली की दुरुस्ती नसते, कमोडच बदलावा लागतो.

बोल्ट निघाल्यावर कंपनीतून आणलेला व्हर्नियर लावला. बोल्टची जाडी ८ मिलिमीटर. कमोडच्या भोकाचा व्यास १५. म्हणजे बोल्टच्या चारही बाजूंना साडेतीन मिलिमीटर रिकामी जागा! भोक मोठं ठेवतात ते मुद्दाम. वेगवेगळ्या सीटचे बोल्ट बसावेत, आणि भट्टीत भाजताना चिनीमाती थोडी आकसते, तो फरकही त्यात सामावतो. पण ही रिकामी जागा भरायला बोल्टवर शंकूच्या आकाराचा रबरी वॉशर असायला हवा. त्याचं निमुळतं टोक खालून भोकात शिरतं आणि नट आवळला की रबर फुगून बोल्टला मधोमध पकडतं. आमच्याकडे तो नव्हताच. पहिल्यांदा बसवणाऱ्याने टाकला नसेल, की पडून हरवला असेल, कोण जाणे. खाली नुसता चपटा वॉशर होता, आणि वर पायाखालचा रबराचा चकतीसारखा तुकडा इतका कडक झालाय की नखाने ओरखडा उमटत नाही. त्यावर पांढरट खाराचा थरही होता. आमच्या सोसायटीत टाकीत महापालिकेच्या पाण्याबरोबर बोअरचं पाणी मिसळतं, ते जड आहे.

म्हणजे आजवर सीट फक्त घर्षणाने टिकून होती. नट आवळला की चकती दाबली जाते, सीट धरते. खार आणि ओलावा मध्ये शिरला की घर्षण जातं, आणि आजूबाजूला साडेतीन मिलिमीटर मोकळं मैदान पडलेलं असतंच.

भोकांची कड टॉर्च लावून तपासली. केसासारखी तडा कुठे नाही, हे महत्त्वाचं, कारण तडा असती तर आवळणंच धोक्याचं ठरलं असतं. खार पुसायला पांढरं व्हिनेगर, दहा मिनिटं, मग जुना टूथब्रश.

यानंतर सीट उलटी ठेवली आणि खरी गोष्ट सापडली. सीटच्या खालच्या बाजूला चार बुटके रबर असतात, ज्यांवर ती कमोडच्या कडेवर टेकते. आमच्याकडे तीनच! पुढचा डावा गायब, त्याच्या जागी दोन मोकळी भोकं. मागचा डावा चपटा होऊन बाकीच्यांपेक्षा दीड मिलिमीटरने बुटका झालाय. झाकणाच्या खालचे दोन ठीक आहेत, पण त्यांच्यावर भार तसा नसतोच.

सीट परत ठेवून कागदाची पट्टी एकेका रबराखाली सरकवून पाहिली. उजव्या बाजूला पट्टी घट्ट अडकते. डावीकडे मागे सैल निघते, पुढे तर सरळ बोट जातं.

आता सगळं जुळतं. अण्णा डावीकडे भार टाकतात, तिथेच रबर नाही, सीटचा डावा पुढचा कोपरा खाली बसतो, आणि तिरक्यातला उजवा मागचा कोपरा वर उचलला जातो. तो कोपरा म्हणजे उजवा बोल्ट. दर वेळी बोल्ट वर ओढला जातो, सुटतो, पुन्हा ओढला जातो. असं झालं की नट हळूहळू सैल होणारच. तीन महिने मी नट आवळत होते आणि ढिलाई तयार होत होती पुढच्या कोपऱ्यात.

मंगळवार, १७ जून

कंपनीतून परत येताना सॅनिटरीच्या दुकानात. बॅगेत जुना बोल्ट, एक जुना रबर आणि कागदावर तीन मापं. दुकानदाराचा पहिला शब्द, "ताई, नवी सीटच घ्या, ही डोकेदुखी कशाला?" मी म्हटलं, सीट चांगली आहे, नुसती रबरं आणि बोल्ट द्या. त्याने दोन सेट काढले. एक स्टीलचा, एक जाड प्लास्टिकचा. दोन्हींत शंकूचे वॉशर होते.

मी प्लास्टिकचा घेतला, आणि यावर घरी वाद झाला. ह्यांचं म्हणणं स्टीलच मजबूत. बरोबर आहे, पण आमच्याकडे दर रविवारी ॲसिडवालं क्लीनर ओतलं जातं. त्यात हायड्रोक्लोरिक ॲसिड असतं आणि ते स्टेनलेस स्टीललाही खड्डे पाडतं. साधं लोखंड तर महिन्यात तांबडं होतं. मग नट निघत नाही आणि ब्लेडने कापायची वेळ येते. प्लास्टिकचा बोल्ट गंजत नाही, आणि कोणी जास्त आवळला तर चिनीमातीच्या आधी त्याचे आटे जातात, हेही सोयीचं. पण फार जाड माणूस वापरणार असेल, किंवा सीटच जड लाकडी असेल, तर मीही स्टील घेतलं असतं आणि क्लीनर ओतल्यावर बोल्टवर पाणी मारलं असतं.

खालची रबरं चार घेतली, सगळी एका मापाची. सीटमधल्या भोकात दाबून बसवायची, चिकटवायची नाहीत.

रविवार, २२ जून

बसवण्याचा दिवस. आधी माझी चूक लिहून ठेवते. चारही रबरं कशाला वाया घालवायची म्हणून मी फक्त पुढचं डावं नवं लावलं. नवं ९ मिलिमीटर उंच, जुनी दाबून साडेसातवर आलेली. सीट आता डावीकडे न झुकता आडवीतिडवी डुगडुगायला लागली, तीन पायांच्या स्टुलाला चौथा पाय लांब लावला तर होईल तशी. शेवटी चारही बदलली. रबरं संचानेच बदलायची असतात, हे एका हातातल्या बांगड्यांइतकं सरळ आहे, पण कंजूषपणाने सुचलं नाही.

बदलल्यावरही कागदाची पट्टी मागच्या उजव्या रबराखाली जराशी सैल राहिली. कमोडची कड भट्टीतून थोडी वाकडी निघते, तिला पूर्ण सपाट धरून चालत नाही. तो फरक सायकलच्या जुन्या ट्यूबचा गोल तुकडा रबराच्या आणि सीटच्या मध्ये घालून भरला. चारही ठिकाणी पट्टी सारखी अडकली तेव्हाच बोल्टकडे वळले.

क्रम महत्त्वाचा. पाया कोरडा, चकती नवी. बोल्ट वरून सोडला. सीट खाली पाडली आणि कमोडच्या कडेपासून दोन्ही बाजूंचं अंतर सारखं होईपर्यंत बोटांनी सरकवली. सीट वर उभी असताना आवळलं तर मध्य चुकतो, तेव्हा ती खालीच ठेवायची. मग खालून शंकू, निमुळती बाजू वर, भोकात शिरेल अशी. मग नट. पहिल्या वेळी मी एक शंकू उलटा घातला, रुंद बाजू वर. नट आवळला तरी बोल्ट भोकात हलतच होता. तेव्हा हात लावून खात्री करायची, शंकू भोकाच्या आत गेल्याचं बोटाला कळतं.

दोन्ही नट आळीपाळीने, थोडा उजवा, थोडा डावा. हाताने जेवढा जातो तेवढा, आणि त्यावर फक्त पाव फेरा. इथे ह्यांनी "अजून थोडं" म्हणत पक्कड लावली आणि नटचा एक पंख कट्कन मोडला. त्यांचा चेहरा बघण्यासारखा होता. सेटमध्ये जादा नट नव्हता. जुना धुऊन लावला, चालतोय.

शेवटी पुन्हा मार्करने रेघा.

सोमवार, २३ जून

संध्याकाळी पुन्हा एक चिमूटभर आवळलं, दोन्हीकडे जेमतेम आठवा भाग. नवीन रबर पहिल्या दिवशी दबून बसतं आणि नट तेवढाच सैल होतो. हे न करता सोडलं तर आठवड्याने पुन्हा वैतागून खाली वाकावं लागतं.

रविवार, २९ जून

खुणा जागेवर. अण्णांना विचारलं, तर म्हणाले, "आता सीट आहे की नाही, तेच लक्षात येत नाही." याहून मोठं सर्टिफिकेट मिळणार नाही.

पण उठताना ते बेसिनलाच धरतात, आणि बेसिन काही त्या भारासाठी बसवलेलं नाही. डाव्या भिंतीवर पकडायचा दांडा लावायचं ठरवलं. त्यासाठी टाइलला भोक पाडणाऱ्या माणसाला बोलावणार. भिंत विटांची आहे की पोकळ ठोकळ्यांची, ते आधी बघायला हवं, नाहीतर प्लग हातात येईल. सीट कितीही घट्ट केली तरी ती टेकायला आहे, रेटायला नाही.

रविवार, ६ जुलै

आषाढी एकादशी. घरी नणंद, तिचे दोघे आणि शेजारचे. दिवसभर बाथरूमला रांग. रात्री खुणा पाहिल्या, उजवा पाया रेघेवरच आहे. दांडा बसला शुक्रवारी, विटांची भिंत निघाली. अण्णा पहिले दोन दिवस सवयीने बेसिनकडेच हात नेत होते, आज दांडा धरताना दिसले.

रविवार, १३ जुलै

उजवीकडे अर्धा मिलिमीटर. काळजी करावी इतकं नाही, पण नोंद हवी. बोटाने नट पाहिला, हलत नाही. बहुतेक पाहुण्यांचं काम. काही केलं नाही.

रविवार, १० ऑगस्ट

अजून तेवढाच अर्धा. पुढचं टोक टेपच्या खुणेसमोर. रबरं साबणाच्या पाण्याने पुसली, खार अजून बसलेला नाही.

खालच्या मजल्यावरच्या काकू आल्या होत्या. "आमचंही तसंच होतंय ग, तू जे केलंस ते येऊन कर." मार्कर घेऊन गेले. त्यांच्याकडे उलटंच. रेघ ओढून सीट हलवली तर पाया जागचा हलत नाही, आणि सीट मात्र पाऊण सेंटीमीटर डावीउजवीकडे खेळते. पिनेचं भोक लांबट झालंय. वरून पाहिलं तर दिसत नाही, झाकण उचकटल्यावरच दिसतं. आवळून उपयोग नाही. शिवाय त्यांचा कमोड चहूबाजूंनी बंद, खाली हात जाणार नाही असा. तिथे वरूनच बसणारा बोल्ट लागतो, ज्याचं रबर भोकाच्या आत फुगतं.

बिजागरीचा वेगळा सेट मिळाला तर तोच, नाहीतर सीटच. मी त्यांना तीन मापं घेऊन दिली: बोल्टच्या मध्यापासून मध्यापर्यंत १४५, बोल्टच्या रेषेपासून पुढच्या कडेपर्यंत ४३५, आणि सर्वात रुंद जागी ३६०. आमच्या १५५ च्या कमोडचं काहीही त्यांना लागणार नाही, हे काकूंना पटायला दोन कप चहा लागला.